ऐकून बरोबर लिहिता येईल असं नाव: छोट्या गायनगटासाठी

गायनगटाचं नाव लोकांच्या वाचनात येण्याआधी कानावर पडतं. निवेदक ते माइकवरून घाईत उच्चारतो, ऐकलेलं कुणी फोनवर आयोजकाला कळवतं, आणि मग ते कागदावर उतरवणारा माणूस सहसा गटातला नसतोच. तो आयोजकाचा कार्यकर्ता असतो किंवा रात्री अकरा वाजता चार पोस्टरं एकदम संपवायला बसलेला डीटीपी ऑपरेटर. तुमचं नाव त्याच्या हातून जसं उतरेल तसंच ते भिंतीवर लागतं.

म्हणून नाव निवडताना मी एकच कसोटी सगळ्यात वर ठेवतो. अनोळखी माणसानं ते एकदा ऐकलं, तर न विचारता त्याला बरोबर लिहिता येतं का? अर्थाची खोली, काव्य, गटाचं तत्त्वज्ञान हे सगळं त्यानंतर. ही कसोटी लावायची कशी, ते एका गटाचं उदाहरण धरून पाहू. पाच जण आहेत, वाद्यांशिवाय गातात, दोन-तीन सुरांच्या पट्ट्या एकमेकींवर रचून गाणी बसवतात, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यांचा पहिला कार्यक्रम आहे.

आधी शब्द गोळा करा, पण नेहमीच्या फडताळातून नको

पहिल्या बैठकीत कुठलाही गट काय सुचवतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. स्वर, सूर, नाद, गंध, रंग, संगम, सरगम यांतले कुठलेही दोन शब्द जोडले की नाव तयार. अडचण अशी की ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातही तसंच सुटं होतं आणि पुन्हा जोडताना बदलतं. ‘स्वरगंध’ ऐकून गेलेला माणूस आठवड्यानं ‘गंधस्वर’ म्हणतो, किंवा ‘स्वरसुगंध’, किंवा नुसतंच ‘ते स्वर काहीतरी’. दोन्ही तुकडे इतक्या नावांत वापरलेले आहेत की कुठला तुकडा तुमचा हे लक्षात राहायला काही कारणच उरत नाही.

त्यापेक्षा गाणारे लोक तालमीत खरोखर जे शब्द बोलतात ते लिहून काढा. ‘इथे दमसास कमी पडतोय’, ‘समेवर एकत्र या’, ‘उठाण जरा उशिरा घे’, ‘ती हरकत नको’, ‘खालचा सा धरून ठेव’. हे शब्द संगीताचेच आहेत, पण सजावटीचे नाहीत, आणि नावं म्हणून फारसे झिजलेलेही नाहीत. एका तालमीत एकानं वही घेऊन बसावं आणि कानावर पडतील ते शब्द टिपावेत. संगीताबाहेरचे शब्दही घ्या, पण ज्याचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं असे घ्या. अमूर्त भाववाचक नामं टाळा. ‘आनंद’ किंवा ‘अनुभूती’ कानाला बरे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात.

सभासदांच्या आद्याक्षरांचा मोहही याच वेळी होतो. त्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण स्वीडनमधलं: ॲग्नेथा, बियॉर्न, बेनी आणि आनी-फ्रिड या चौघांच्या आद्याक्षरांचा ‘आबा’, ABBA. आधी त्यांच्या रेकॉर्डवर चौघांची नावं ओळीनं छापली जात, ती कुणाला म्हणायला जमणार! चार अक्षरांचं, उलटंसुलटं सारखंच वाचता येणारं नाव हाती लागलं हा योगायोग होता. त्याच नावाची एक मासे डबाबंद करणारी कंपनी तिथे आधीपासून होती आणि तिची संमती घ्यावी लागली, ही गोष्ट मात्र फार सांगितली जात नाही. तुमच्या पाच आद्याक्षरांतून सहज उच्चारता येणारा शब्द निघाला तर जरूर घ्या. बहुधा निघत नाही, आणि ओढून-ताणून काढलेल्या शब्दाचं स्पेलिंग दरवेळी सांगावं लागतं. एक सभासद गेला की त्याचा अर्थही जातो, ते वेगळंच.

आपल्या गटानं बैठकीअखेर पुढची यादी केली, असं धरू: स्वरगंध, श्रुतिरंजनी, पंचम, पाच गळे, खालचा सा, समेवर, उठाण, हरकत, दमसास. ‘स्वरगंध’ वर सांगितलेल्या कारणानं लगेच गळतं. उरलेल्या आठांना आता चाळणी लावू.

देवनागरीची चाळणी

आपल्याकडे देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते असं म्हणतात. ते बरंचसं खरं आहे, पण नाव नेमकं उरलेल्या भागात अडकतं. सगळ्यात जास्त गोंधळ इकार-उकारांचा. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम, म्हणून सुटा शब्द ‘श्रुती’. पण समासात तत्सम शब्दाचं मूळ ह्रस्व रूप राहतं, म्हणून ‘श्रुतिरंजनी’. हे व्याकरणाच्या पुस्तकात ठीक आहे. पोस्टर करणाऱ्याच्या हातून दहातल्या निम्म्या वेळा तरी ‘श्रुतीरंजनी’ उतरणार. मग एका पोस्टरवर पहिली वेलांटी, दुसऱ्यावर दुसरी, आणि गटातला शुद्धलेखनाचा आग्रही सभासद कायम रागावलेला.

‘सूर’चंही तसंच आहे. सुटा असताना उकार दीर्घ, ‘सुरांचा’, ‘सुरेल’ म्हणताना ह्रस्व. ‘सूरसंगम’ की ‘सुरसंगम’ असा प्रश्न पडला तर लिहिणाऱ्याला दोन्ही बरोबर वाटतात. (संस्कृतात सुर म्हणजे देव, तेव्हा ह्रस्व लिहिलंत तर देवांची सभा भरवाल.) नावात इकार-उकार असूच नये असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या ह्रस्व-दीर्घाबद्दल सुशिक्षित माणूसही एक क्षण थांबतो ते नाव यादीतून काढा.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. श्र, ज्ञ, क्ष, त्र ही लोकांच्या हातात बसलेली आहेत, त्यांचं लिहिण्यात फार अडत नाही. अडतं ते ‘षड्ज’सारख्या शब्दांत, जिथे ‘ड’ आणि ‘ज’ वेगवेगळ्या फॉन्टात वेगळे जोडले जातात: कुठे एकाखाली एक, कुठे ‘ड’चा पाय मोडून. छपाईसाठी अजूनही बऱ्याच ठिकाणी जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाव तिथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. एक तर ते रूपांतरित करावं लागतं, नाहीतर ऑपरेटर पुन्हा टाइप करतो. जितकी जोडाक्षरं जास्त तितक्या चुकायच्या जागा जास्त. आणि युनिकोड फॉन्ट असला तरी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-रचना चालू नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. अशी पोस्टरं तुम्ही पाहिलीच असतील: ‘कविता’ऐवजी ‘कव’, पुढे एक लोंबकळती वेलांटी आणि मग ‘ता’. नावात पहिली वेलांटी आणि जोडाक्षर दोन्ही नसतील, तर हा अपघात नावापुरता तरी होऊच शकत नाही.

अनुस्वार छोटा वाटतो, पण पोस्टरवर तोच आधी हरवतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो पुसट होतो, किंवा वरच्या ओळीतल्या उकाराला चिकटतो. ‘रंग’चा ‘रग’ होतो आणि ‘पंचम’चा ‘पचम’. यामुळे नाव बाद करायची गरज नाही. उणे एक गुण द्यायचा, इतकंच.

चाळणीतून आता ‘श्रुतिरंजनी’ गेलं. ‘पंचम’ अनुस्वारासकट पुढे आलं. ‘हरकत’ मात्र इथे पहिल्या नंबरानं उत्तीर्ण: ह, र, क, त. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी-उकार नाहीत, जोडाक्षर नाही. ‘दमसास’मध्ये फक्त एक काना.

नावाला ‘चा’ लावून बघा

ही चाचणी मराठीत करायलाच हवी आणि जवळजवळ कुणी करत नाही. पोस्टरवर नाव नुसतं येतं, पण बोलण्यात आणि बातमीत ते कायम प्रत्यय घेऊन येतं: अमुकचा कार्यक्रम, अमुकने गायलेलं, अमुकमधली ती मुलगी. प्रत्यय लागला की मराठी शब्दाचं रूप बदलतं, आणि नाव जर नेहमीच्या वाक्यातला शब्दसमूह असेल तर ते ओळखू येईनासं होतं.

‘पाच गळे’ घ्या. पोस्टरवर फार छान दिसेल. पण लोक म्हणणार ‘पाच गळ्यांचा कार्यक्रम’, आणि ऐकणाऱ्याला हे नाव आहे की वर्णन आहे हे कळणार नाही. जो नंतर शोधेल तो ‘पाच गळ्यां’ शोधेल. ‘खालचा सा’ची अवस्था आणखी वाईट: ‘खालच्या साचा कार्यक्रम’. यात विशेषण वाकलं, ‘सा’ला प्रत्यय चिकटून ‘साचा’ हा भलताच शब्द झाला, आणि मूळ नाव कुठेच उरलं नाही. माझ्या मते यादीतलं सगळ्यात सुंदर नाव हेच होतं, पण ते फक्त पोस्टरवर जगेल, तोंडी नाही.

नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर, विशेषण आणि नाम अशी जोडी टाळा, अनेकवचनी नाम टाळा, आणि ‘आ’ किंवा ‘ए’नं संपणारं नाव असेल तर ते मोठ्यानं ‘-चा’, ‘-ने’, ‘-मध्ये’ लावून म्हणून बघा. ‘मुखडा’ हे नाव असतं तर निम्मे लोक ‘मुखडाचा’ म्हणाले असते आणि निम्मे ‘मुखड्याचा’. अकारान्त शब्द सोपे पडतात, कारण संस्थेचं नाव म्हणून त्याला थेट प्रत्यय लावायची सवय आपल्याला आहे: ‘हरकतचा कार्यक्रम’, ‘दमसासचा कार्यक्रम’. नाव अबाधित राहतं. ‘समेवर’मध्ये आधीच एक प्रत्यय आहे, तरी ‘समेवरचा’ चालून जातं. ‘समेवरवर टीका झाली’ असं वाक्य कुणाला लिहावं लागू नये, अशी आशा करायची.

रोमन अक्षरांची चाळणी

देवनागरीत नाव ठीक बसलं तरी फोनवर शोधणारे बरेच जण रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि समाजमाध्यमांवरचं खातं बहुतेक त्याच अक्षरांत असतं. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची एकच पद्धत लोकांनी ठरवलेली नाही. ‘आ’साठी कुणी a लिहितं, कुणी aa. ‘व’ कुणाचा v तर कुणाचा w. ‘ई’ आणि ‘ऊ’ अनुक्रमे i किंवा ee, u किंवा oo. ‘ज्ञ’चं तर विचारूच नका: dnya, gya, jna. ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच अक्षरात कोंबले जातात.

प्रत्येक उमेदवार नावासाठी कागदावर शक्य ती सगळी रूपं लिहा. दोन पर्यायांच्या तीन जागा असल्या की आठ रूपं होतात. ‘स्वरनाद’ लिहून बघा: swarnad, svarnad, swarnaad, svarnaad, आणि मधला a घालून आणखी चार. मी तीन रूपांपर्यंत नाव सांभाळता येतं असं धरतो. त्यापुढे गेलं तर दुसरं शोधावं.

‘हरकत’ची दोन रूपं, harkat आणि harakat. ‘दमसास’ची सहज सुचणारी तीन: damsas, damsaas, damasas. ‘समेवर’चीही दोनच, samevar आणि samewar, पण तिथे वेगळा घोटाळा आहे. रोमनमध्ये वाचणारा ते इंग्रजी शब्दासारखं ‘सेम-वर’ असं फोडून वाचतो. लेखी नाव आणि उच्चारलेलं नाव यांची ताटातूट झाली, म्हणून ‘समेवर’ बाद. ‘दमसास’लाही हा धोका थोडा आहे, कारण मराठी न येणारा माणूस dam म्हणजे धरण वाचेल. पण अख्खा शब्द इंग्रजीत दुसऱ्या कशासारखा दिसत नाही, त्यामुळे वाचक अडखळतो, फसत नाही. अडखळणं परवडतं.

इथेच एक जण सुचवतो की स्पेलिंगमध्ये काही गंमत करू, म्हणजे शोधात आपणच वर येऊ. हे खरोखर करून पाहिलेल्यांपैकी ग्लासगोचा CHVRCHES हा बँड. ‘चर्चेस’ असा सामान्य शब्द शोधला तर प्रार्थनास्थळं येणार, म्हणून u च्या जागी v. शोधाचा प्रश्न त्यातून सुटला, पण नाव फक्त ऐकलेल्या माणसाला ते कधीच बरोबर लिहिता येणार नाही. लाखो लोकांनी ते छापलेलं पाहिलं असेल तर चालतं. पाच जणांच्या गटाचं पोस्टर दुसराच कुणी करणार असेल, तर चालत नाही. देवनागरीतही मुद्दाम चुकीचं लिहिणं, मध्ये आकडे किंवा टिंबं घालणं याच कारणानं टाळा. ऑपरेटर ती ‘चूक’ सुधारून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

खात्याच्या नावाची लांबीही एकदा पाहून घ्या. इन्स्टाग्रामवर 30 वर्णांपर्यंत जागा मिळते, एक्सवर फक्त 15. damsas मावतंच. shrutiranjanigroup लिहून मोजा, म्हणजे कळेल.

फोनवरचं श्रुतलेखन

आता तुमच्या घरातलं किंवा तालमीतलं कुणी नको. ज्यांनी या नावांविषयी काही ऐकलेलं नाही अशी दहा-बारा माणसं शोधा. त्यात वयस्कर हवेत, शाळकरी हवेत, आणि शक्य असेल तर एखादा पोस्टर करणाराही हवा. प्रत्येकाला फोन करा. आवाजी निरोप पाठवू नका, तो परत परत ऐकता येतो. नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं, एका वाक्यात सांगा: ‘शनिवारी उठाणचा कार्यक्रम आहे.’ मग एवढंच म्हणा, ‘गटाचं नाव मला मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठव.’ नाव पुन्हा उच्चारू नका, अर्थ सांगू नका, ‘ण बाणाचा’ असं तर अजिबात नको. एका माणसाला दोनपेक्षा जास्त नावं देऊ नका, नाहीतर तो चाचणी आहे हे ओळखून सावध होतो.

आलेली उत्तरं तुम्हाला हव्या त्या रूपाशी ताडून बघा. देवनागरीत दहातल्या नऊ जणांनी तरी बरोबर लिहायला हवं. रोमनमध्ये इतकी अपेक्षा ठेवू नका. दहातल्या सहांनी एकच रूप लिहिलं तरी ते नाव बऱ्यापैकी स्थिर आहे, आणि लोकांनी जे रूप जास्त वेळा लिहिलं तेच तुमचं अधिकृत रूप करा. गटाला कुठलं आवडतं हा प्रश्न इथे गौण.

चुका कुठल्या होतात यावरून कारण कळतं. सगळ्यांनी एकाच जागी एकच चूक केली असेल, तर ऐकू येण्यात अडचण आहे: फोनवर स आणि श, न आणि ण, द आणि ध एकमेकांत मिसळतात. ‘उठाण’ इथेच अडकतं. बरेच जण ‘उठान’ लिहितात, कारण शेवटचा ‘ण’ फोनवर नीट पोचत नाही आणि गाण्याशी संबंध नसलेल्याला शब्दही माहीत नसतो. चुका विखुरलेल्या असतील, प्रत्येकानं काही वेगळंच लिहिलं असेल, तर शब्दच लोकांना अनोळखी आहे. ओळखीचा शब्द असला की कानानं चुकीचं ऐकलं तरी मन ते दुरुस्त करून घेतं. ‘दमसास’मधला ‘दम’ सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून पुढचा ‘सास’ थोडा पुसट ऐकू आला तरी हात बरोबर चालतो.

तीन-चार दिवसांनी त्याच लोकांना, कुठलाही संदर्भ न देता, विचारा: ‘तो शनिवारचा गट, त्याचं नाव काय होतं?’ इथे निम्म्यांनी सांगितलं तरी पुष्कळ. जे आठवत नाही म्हणतात त्यांना दोष देऊ नका, पण जे चुकीचं आठवतात ते काय सांगतात ते लिहून ठेवा. सगळे एकाच चुकीच्या शब्दाकडे जात असतील तर तो शब्द कदाचित तुमच्या नावापेक्षा चांगला आहे.

पोस्टरवर लावून मोजा

ए-थ्री कागद 297 मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना 20 मिलिमीटर समास सोडला की नावासाठी 257 उरतात. देवनागरीचं एक साधं अक्षर साधारण जितकं उंच तितकंच रुंद धरता येतं, काना आला की अर्ध्याची भर. ‘दमसास’ म्हणजे सुमारे साडेचार अक्षरांची रुंदी, म्हणजे अक्षर 50 मिलिमीटरपेक्षा उंच घेता येईल. ‘श्रुतिरंजनी गायनसमूह’ एका ओळीत बसवायचं तर बारा-साडेबारा अक्षरांची रुंदी लागते आणि उंची 21 मिलिमीटरवर येते. फलक रंगवणारे सहसा असा अंदाज धरतात की 25 मिलिमीटर उंचीचं अक्षर तीन मीटरवरून आरामात वाचता येतं. त्या हिशेबानं पहिलं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचलं जाईल, दुसरं वाचायला पोस्टरच्या जवळ यावं लागेल.

लांब नाव दोन ओळींत घालता येतं हे खरं. पण ते कुठे तोडायचं हे तुम्ही ठरवलं नाही तर जागा पाहून ऑपरेटर ठरवतो, आणि ‘श्रुतिरं-जनी’ हे असंच जन्माला येतं. नावापुढे ‘समूह’, ‘वृंद’, ‘ग्रुप’ लावायचं असेल तर ते नावाचा भाग करू नका. खाली बारीक अक्षरांत वर्णन म्हणून द्या: ‘पाच आवाज, वाद्यांशिवाय’. पहिल्यांदा पोस्टर पाहणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते.

मोजमापानंतर प्रत्यक्ष छापून पाहा. उरलेली नावं तीन वेगळ्या फॉन्टांत, काळ्या शाईत, साध्या कागदावर काढा आणि त्यांची झेरॉक्स घ्या. मराठी आणि हिंदी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ वेगळे दिसतात, आणि बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात. नावात ही अक्षरं असतील तर ते चालेल का, हे आताच ठरवा. मग तीच छपाई फोनच्या खात्यावरच्या गोल चित्राइतकी लहान करून बघा. ‘हरकत’ आणि ‘दमसास’ दोन्ही त्या गोलात वाचता येतात. शिरोरेषा एकसंध राहते आणि खाली-वर काही लोंबत नाही, त्यामुळे मजकुराच्या वरच्या-खालच्या ओळीही जवळ घेता येतात.

शोध घ्या, आवडतं नाव असलं तरी

इथवर गटाचं मन ‘हरकत’वर बसलेलं असणार. तान घेता घेता केलेली नजाकत हाही अर्थ, आणि ‘हरकत नाही’ हा रोजचा उद्गारही. निवेदकालाही विनोदाची आयती संधी. मग harkat टाइप करून बघितलं, तर हाच शब्द नावाच्या सुरुवातीला असलेल्या सशस्त्र संघटना समोर येतात. हरकत-उल-मुजाहिदीन त्यांतली बहुतेकांना माहीत असलेली. कुणी गाणी शोधायला गेलं तर बातम्या दिसतील, आणि परगावचा आयोजक पोस्टर पाहून दोनदा विचार करेल. शिवाय हिंदीत ‘हरकत’ म्हणजे खोडी किंवा गैरवर्तन. कागदावरचं सर्वांत सोपं नाव इथे सोडावं लागतं, आणि ते सोडावं असंच माझं मत आहे.

‘पंचम’चा शोध वेगळ्या कारणानं हरतो. ते राहुल देव बर्मन यांचं टोपणनाव. त्या शब्दाखाली त्यांचीच गाणी येत राहणार, आणि तुमचा पाच जणांचा गट त्या ढिगाऱ्यात सापडायचा नाही.

शोध चार ठिकाणी घ्या: साधा वेब-शोध देवनागरीत, तोच रोमनच्या तिन्ही रूपांत, गाणी ऐकायच्या आणि व्हिडिओच्या ॲपवर, आणि तुमच्या देशाच्या व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत. करमणुकीच्या सेवा व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वर्ग 41 मध्ये येतात, तेवढाच वर्ग आधी बघितला तरी पुरतं. हुबेहूब नाव नसलं तरी उच्चारात सारखं नाव असेल तर तेही मोजा, कारण आक्षेप त्यावरूनही येऊ शकतो. आपल्याला कोण ओळखतं, असं म्हणून हे टाळू नका. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित बँडनं आपलं नाव बदलून ‘लेडी ए’ केलं, तेव्हा त्या नावानं अनेक वर्षं गाणारी एक ब्लूज गायिका आधीच होती. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे लहान कलाकाराचं नाव आधीचं होतं. तुमच्या बाबतीत उलटंही असू शकतं.

यादीत आता ‘दमसास’ उरलं. वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटाला तो अर्थानंही बसतो, कारण त्यांच्याकडे खरं वाद्य म्हणजे श्वासच. हे नाव उदाहरणासाठी आहे. घ्यावंसं वाटलं तर वरचा सगळा शोध तुम्हीच नव्यानं घ्यायचा.

ठरवणं आणि ठरलेलं टिकवणं

मतदान एकाच फेरीत घेऊ नका. ज्यात तिघांना अतिशय आवडलं आणि दोघांना अजिबात नको, असं नाव जिंकतं, आणि ते दोघे पुढची दोन वर्षं नाव सांगताना आवाज खाली घेतात. आधी प्रत्येकाला एक नकाराधिकार द्या, तो वापरून नावं कमी करा, आणि उरलेल्यांतून श्रुतलेखनाच्या आकड्यांवर निवडा. आकडे समोर असले की वाद निम्म्यानं कमी होतो.

मग एका पानावर नाव लिहून ठेवा, प्रत्येक आयोजकाला हेच पान जाईल असं. त्यात देवनागरी रूप, एक शब्द की दोन, रोमन रूप आणि त्यात पहिलं अक्षर मोठं की सगळी लहान, खालचं वर्णन, खात्याचं नेमकं नाव. शिवाय नावाची एक चित्र-फाइल, पारदर्शक पार्श्वभूमीची, म्हणजे फॉन्ट कुठलाही असला तरी ऑपरेटर नाव टाइप न करता उचलून लावेल. उरलेली दोन रोमन रूपंही खाती म्हणून घेऊन ठेवा आणि तिथे फक्त मुख्य खात्याचा दुवा द्या.

गटातल्या एकाकडे पोस्टरचा कच्चा नमुना तपासायचं काम द्या. छपाईला जाण्याआधी त्यानं तो उघडून नाव एक-एक अक्षर करून, शेवटून सुरुवातीकडे वाचावं. सरळ वाचताना डोळा ओळखीचा शब्द पुरा करून पुढे जातो आणि ‘दमसस’ तसंच छापलं जातं.